फ्रिजची जादा वॉरंटी: आधी कार्ड वाचा

खडेबाजारात फ्रिज घेताना दुकानदार म्हणाला, "अण्णा, २४०० भरा, आणखी दोन वर्षं बिनघोर." मी आधी कंपनीचं कार्ड उघडलं. कॉम्प्रेसरला दहा वर्षं वॉरंटी होतीच, बाकी भागांना एक वर्ष. म्हणजे पैसे जाणार होते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या गॅसगळती आणि सर्किट बोर्डासाठी. आमच्या खानापूरकडे बोर्ड जळतो तो बहुतेक व्होल्टेजच्या चढउतारानं, आणि प्लॅनच्या बारीक अक्षरांत नेमकं तेच वगळलेलं! दाराचं रबरही त्यात धरलेलं नाही. गावातल्या मेकॅनिकनं गॅस भरायचे २५०० सांगितले, म्हणजे जवळजवळ प्लॅनच्या किमतीएवढेच. मग त्याच पैशात स्टॅबिलायझर घेतला. इन्व्हर्टर फ्रिज असेल, तर बोर्ड महाग. तरीही व्होल्टेजचं नुकसान लेखी धरलेलं असेल तरच प्लॅन घ्या.