कमेंटला रिप्लाय म्हणून शॉर्ट बनवताय? या चुका टाळा

बांगड्याच्या हुमणाच्या व्हिडिओखाली एक कमेंट येते: ‘ताई, तुमच्यासारखंच हुमण केलं पण कडू झालं. तिरफळं जास्त पडली काय?’ चॅनल चालवणारी लगेच फोन उचलते, कमेंटचं स्टिकर लावते आणि सांगते, ‘हो, तिरफळं कमी घाला.’ वीस सेकंदांत काम झालं. हा शॉर्ट कोणी शेवटपर्यंत बघत नाही आणि ज्या बाईनं विचारलं तिचं पुढचं हुमणही कडूच होतं. असं का होतं ते याच एका कमेंटवर बघू, कारण रिप्लाय शॉर्टमधल्या जवळजवळ सगळ्या चुका इथं सापडतात.

कारण न शोधताच उत्तर देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती कॅमेरा सुरू करण्याआधीच होते. विचारणाऱ्यानं प्रश्नातच आपला अंदाज घालून दिलेला असतो (‘जास्त पडली काय?’) आणि आपण त्या अंदाजालाच उत्तर देऊन मोकळे होतो. तिरफळं जास्त झाली तर वास उग्र येतो, जीभ बधिर होते. पण कमेंटमधली तक्रार कडूपणाची आहे, आणि कडूपणाचं नेहमीचं कारण म्हणजे आतली काळी, चकचकीत बी. तिरफळात वापरायची ती फक्त बाहेरची साल, बी टाकून द्यायची. दुसरं कारण म्हणजे नारळाच्या वाटणाबरोबर तिरफळंही मिक्सरला लावणं. बी राहून गेली असेल तर ती भरडली जाते आणि सगळा रस बिघडतो. शिवाय विचारणारीनं हुमण न करता उडदमेथी केली असेल, तर करपलेली मेथीही कडू लागते. तिथं तिरफळाचा काही दोष नाही.

म्हणून शूट करण्याआधी त्याच कमेंटखाली दोन प्रश्न लिहून विचारा: ‘बी काढली होती काय? वाटणात वाटली की वरून घातली?’ उत्तर यायला एखादा दिवस लागेल, लागू द्या. ‘बी म्हणजे कुठली?’ असं उत्तर आलं, की तुमचा शॉर्ट तुम्हाला मिळाला. इतर कमेंट चाळल्या तर हाच गोंधळ वेगळ्या शब्दांत आणखी तिघांचौघांनी मांडलेला दिसतो. ज्या प्रश्नाला सोबत असते आणि ज्याचं उत्तर हातानं करून दाखवावं लागतं, त्यालाच व्हिडिओ करावा. ‘सोलं किती घालायची?’ याला लेखी उत्तर पुरतं. ‘सहा-सात’ हे सांगायला शॉर्ट कशाला?

कमेंट वाचून दाखवण्यात सुरुवात घालवणं

‘नमस्कार मंडळी, तर आपल्या एका मैत्रिणीनं विचारलंय की…’ इथंच पाच सेकंद गेली. तोवर अंगठा पुढच्या व्हिडिओवर सरकलेला असतो. स्टिकर समोर असताना तेच मोठ्यानं वाचण्याची गरज नाही. वरची कमेंट अकरा शब्दांची आहे. सेकंदाला दोन-तीन शब्द धरले तर लोक ती चार-पाच सेकंदांत स्वतः वाचतात. तेवढ्या वेळात तुमच्या आवाजानं वेगळं काम करावं, म्हणजे थेट उत्तर द्यावं.

पहिली चौकट अशी घ्या: दोन बोटांत फुटलेलं तिरफळ आणि त्यातून डोकावणारी काळी बी, अगदी जवळून. आवाज: ‘हुमण कडू होतं ते हिच्यामुळं.’ बोलणं इतकंच. वर स्टिकर आहे, खाली बी आहे, प्रश्न आणि उत्तर एकाच चौकटीत आले.

उत्तर आधीच दिलं तर पुढं कोण बघणार, अशी भीती अनेकांना वाटते. ती खरी नाही. कारण कळल्यावर ‘मग करायचं कसं’ हे बघायला माणूस थांबतो. कारण लपवून ठेवलं तर तो वाट बघत नाही, निघून जातो.

मूळ व्हिडिओ पाहिलाच असेल असं धरून चालणं

रिप्लाय शॉर्ट हा कमेंट करणारीपुरता नसतो. तो जुना व्हिडिओ कधीच न पाहिलेल्या माणसांसमोर जातो. ‘मागच्या वेळी दाखवलं तसं वाटण करून घ्या’ हे वाक्य त्यांच्या लेखी पोकळ. शॉर्ट स्वतःच्या पायावर उभा आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. खाली ‘कुठला व्हिडिओ?’, ‘कसलं हुमण?’ अशा कमेंट येऊ लागल्या, तर तो उभा नाही.

त्याची दुरुस्ती एका वाक्यात होते. हुमणाचं पूर्ण साहित्य सांगू नका, फक्त प्रसंग सांगा: ‘बांगड्याच्या हुमणात चार बांगड्यांना आठ-दहा तिरफळं पुरतात.’ एवढ्यानं पदार्थ, प्रमाण आणि विषय तिन्ही कळतात. पूर्ण कृतीकडे जायचं असेल तर त्यासाठी वेगळी वाट आहे. यूट्यूब शॉर्टच्या वर्णनात किंवा कमेंटमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, 31 ऑगस्ट 2023 पासून तिथल्या लिंक दाबता येत नाहीत. त्याऐवजी यूट्यूब स्टुडिओत त्या शॉर्टच्या तपशिलात ‘रिलेटेड व्हिडिओ’ म्हणून मूळ हुमणाचा व्हिडिओ जोडा. ही सोय दिसत नसेल तर बहुधा चॅनलला प्रगत सुविधांची परवानगी मिळालेली नसते. ती सेटिंगमधून घ्यावी लागते.

स्टिकर चुकीच्या जागी, चुकीच्या लिपीत

उभ्या व्हिडिओच्या खालच्या भागावर चॅनलचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं असतात. स्टिकर तिथं गेलं तर निम्मी कमेंट झाकली जाते. अगदी वरच्या कडेला चिकटवलं तर तिथंही ॲपची चिन्हं असतात. वरच्या तिसऱ्या हिश्शात, किंचित डावीकडं आणि वरच्या कडेपासून बोटभर खाली, ही जागा बरी. स्टिकर पूर्ण वेळ ठेवू नका. पाच-सहा सेकंदांनंतर ती जागा भांड्याला लागते. ॲपमध्ये स्टिकरची वेळ ठरवता येत नसेल, तर चौकटच अशी घ्या की वरचा भाग रिकामा राहील.

गोव्यात आणखी एक पेच असतो. मराठी चॅनलखालच्या कमेंट मराठीत येतात, कोंकणीत येतात, आणि बऱ्याच रोमी लिपीत टंकलेल्या असतात. स्टिकरमध्ये कमेंट जशी टंकली तशीच दिसते, आपल्याला ती सुधारता येत नाही. घाईत वाचणाऱ्याला रोमी लिपीतला ‘कोडू’ चटकन उमगत नाही. अशा वेळी स्टिकरच्या खाली देवनागरीत चार शब्दांची ओळ टाका: ‘हुमण कडू का होतं?’ मूळ कमेंटचा शब्दशः अनुवाद नको, फक्त गाभा. लांबलचक कमेंट असेल तर तीच युक्ती: स्टिकर लहान, ओळ मोठी.

स्टिकरवर माणसाचं नाव आणि फोटोही दिसतो, हे विसरू नका. कमेंटमध्ये सासूबाई काय म्हणाल्या, घरात कोण आजारी आहे असलं काही असेल, तर ती स्टिकर म्हणून वापरू नका. प्रश्न आपल्या शब्दांत लिहा. खोचक कमेंटलाही हेच. तिला स्टिकर लावलं की बघणारे उत्तर सोडून त्या माणसाच्या मागं लागतात.

बाहेर एडिट करून सरळ अपलोड करणं

‘रिप्लाय केला पण कमेंटशी जोडलाच गेला नाही’ ही नेहमीची तक्रार. होतं असं, की लोक कमेंटचा स्क्रीनशॉट घेतात, एडिटिंग ॲपमध्ये चिकटवतात आणि व्हिडिओ नेहमीसारखा अधिकाच्या चिन्हावरून टाकतात. तो दिसतो रिप्लायसारखा, पण ॲपच्या लेखी तो सुटा व्हिडिओ असतो.

जोडायचा असेल तर सुरुवात कमेंटपासूनच करावी लागते, आणि तीही फोनमधल्या ॲपवरून. यूट्यूबमध्ये कमेंटखाली रिप्लाय दाबलं की शॉर्ट बनवण्याचं चिन्ह येतं. इन्स्टाग्रामवर रिप्लाय दाबल्यावर कॅमेऱ्याचं चिन्ह येतं. तिथून कॅमेरा उघडला की स्टिकर आपोआप लागतं. कापाकापी बाहेर करायची असेल तर खुशाल करा: तयार व्हिडिओ फोनमध्ये साठवा, मग कमेंटवरून कॅमेरा उघडा आणि गॅलरीतून तो आत घ्या. फक्त बाहेर एडिट करताना वरची जागा रिकामी सोडा, नाहीतर तुमची अक्षरं आणि स्टिकर एकमेकांवर चढतात. चिन्हच दिसत नसेल तर आधी ॲप अपडेट करा. लहान मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या यूट्यूब व्हिडिओवर कमेंटच बंद असतात, तिथं हा मार्ग नाही.

एका शॉर्टमध्ये तीन उत्तरं

शॉर्ट आता तीन मिनिटांपर्यंत चालतो, म्हणून लोक त्यात बांगडा साफ करणं, वाटण आणि तिरफळ असं सगळं भरतात. आपल्या कमेंटला 35 ते 40 सेकंद पुरतात. ती अशी वाटता येतात.

पहिली तीन सेकंदं काळी बी आणि एक वाक्य. मग दहाव्या सेकंदापर्यंत सुकं तिरफळ उघडून बी वेगळी करणं. बी एका वाटीत, साली दुसऱ्या वाटीत, म्हणजे टाकायचं काय आणि ठेवायचं काय हे न बोलता कळतं. पुढची दहा सेकंदं साली थोड्या पाण्यात बत्त्यानं हलक्या हातानं ठेचणं. पीठ करायचं नाही हे इथं सांगायचं. मग रस उकळत असताना त्या पाण्यासकट साली वरून सोडणं आणि बांगडे घालणं. वाटणात नाही, वरून, हे वाक्य पडद्यावरही लिहा. शेवटची सात-आठ सेकंदं ज्यांचं हुमण आधीच कडू झालंय त्यांच्यासाठी: तिरफळं चमच्यानं काढून टाका, नारळाचा थोडा रस वाढवा. कडूपणा झाकला जातो, पूर्ण जात नाही. हे खरं तेच सांगावं.

कमेंट जूनमध्ये आली तर थोडी अडचण होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत ताजा बांगडा मिळवणं कठीण. म्हणून उत्तर ऑगस्टपर्यंत लांबवलं तर विचारणारीही विसरते. तिरफळ खतखत्यातही पडतं, बी काढण्याची आणि ठेचण्याची रीत तीच. तेव्हा खतखत्याच्या भांड्यावर शूट करा आणि बोलताना हुमणाचं नाव घ्या.

टाकल्यावर दोन दिवसांनी प्रेक्षक कुठं गळतात तो आलेख उघडा. पहिल्या तीन सेकंदांतच रेघ कोसळली असेल तर सुरुवातीला बी दिसत नाहीये, किंवा तुम्ही नमस्कार म्हणताय. मधे, साली ठेचताना खाली येत असेल तर तो भाग लांबलाय, तीन सेकंद कापा. आणि खाली ‘ओल्या तिरफळाची बी कशी काढायची?’ असं कोणी विचारलं, तर ती कमेंट जपून ठेवा. ओली तिरफळं चतुर्थीच्या सुमारास बाजारात येतात, तेव्हा त्याच कमेंटवर रिप्लाय दाबायचा.