‘मी गृहपाठ केलो’: क्रियापद नक्की कुणाकडं बघतं?

मी गडहिंग्लजकडचा, सातवीला कोल्हापूरच्या शाळेत आलो, आणि पहिल्याच निबंधात ‘मी गृहपाठ केलो’ असं लिहिलं तर बाईंनी ‘केलो’खाली लाल रेघ मारली. आमच्या घरी सगळे असंच बोलतात, ‘मी जेवण केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’, त्यामुळं चूक काय तेच कळेना. आज मी सहावी ते आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो आणि दरवर्षी निदान दोन-तीन वह्यांत हाच ‘केलो’ सापडतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एकच वाक्य घेऊ, भाकरी करण्याचं. दादा भाकरी करतो, वहिनी भाकरी करते, पोरं भाकरी करतात. इथं भाकरीचा काहीच संबंध नाही, कोण करतंय त्याच्यावरनं क्रियापद बदलतं. चालू काळातपण तसंच, दादा करतोय, वहिनी करतेय. पूर्ण लिहिलं तर मात्र दोघांनाही ‘करत आहे’च, कारण ‘आहे’ला लिंग नाही, त्याला फक्त मी-तू-तो आणि एक की अनेक एवढंच कळतं (पोरं करत आहेत). ‘होता’ला लिंगपण कळतं: दादा करत होता, वहिनी करत होती, बायका करत होत्या.

आता काम झालं की बघा काय होतं. दादानं भाकरी केली, वहिनीनं भाकरी केली. करणारा बदलला तरी क्रियापद तेच! पण वस्तू बदलून बघा: दादानं रस्सा केला, पिठलं केलं, भाकऱ्या केल्या, तांबडा-पांढरा असे दोन रस्से केले. म्हणजे क्रियापदानं करणाऱ्याकडं पाठ फिरवली आणि ताटातल्या वस्तूकडं तोंड केलं. कारण दादाला ‘नं’ लागलाय (पुस्तकात ‘ने’). ज्याला ‘ने’ लागला त्याच्याकडं क्रियापद बघत नाही. पूर्ण काळातपण हेच: भाकरी केली आहे, भाकऱ्या केल्या आहेत, रस्सा केला होता, भाकऱ्या केल्या होत्या. ‘होत्या’सुद्धा भाकऱ्यांमुळंच आलं, दादामुळं नाही.

मग ‘मी केलो’ कुठनं येतं? माझ्या मते खरी अडचण इथंच आहे आणि ती वर्गात नीट उलगडून सांगितली जात नाही. मी, आम्ही, तू, तुम्ही या चौघांना ‘ने’ लागत असतो पण दिसत नाही. जुन्या मराठीत ‘म्यां केले’ असं वेगळं रूप होतं, आता नुसतं ‘मी’ राहिलं. ‘ने’ दिसला नाही की पोरगं ‘मी आलो’च्या चालीवर ‘मी केलो’ म्हणतं. त्यात आमच्या सीमाभागात शेजारी कन्नड, आणि कन्नडमध्ये क्रियापद करणाऱ्याकडंच बघतं, त्यामुळं घरचा ‘केलो’ त्याच्या नियमानं सरळच आहे, पेपरात मात्र प्रमाण मराठीचा नियम चालतो.

यावर मी पोरांना एकच करायला सांगतो, ‘मी’ काढून तिथं ‘तो’ घाल. ‘तो गृहपाठ केला’ कानाला खटकतं, ‘त्यानं गृहपाठ केला’ पाहिजे, म्हणजे ‘ने’ लपलाय, मग गृहपाठाकडं बघ आणि ‘मी गृहपाठ केला’ लिही. ‘तो आला’ बरोबर वाटतं, म्हणजे ‘ने’ नाही, म्हणून ‘मी आलो’. मुलगी असेल तर पेपरात ‘मी आले’, कोल्हापुरात पोरी सर्रास ‘मी आलो’ म्हणत असल्या तरी.

लाल रेघेनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो होतो. ‘दादा भाकरी करत होती’ असं लिहिलं, कारण डोक्यात बसलं की भूतकाळ म्हणजे वस्तूकडं बघायचं. पण काळाकडं बघायचंच नाही, मुख्य क्रियापदाचं शेपूट बघायचं. ‘करत’मध्ये त आहे, तिथं ‘ने’ येतच नाही, म्हणून दादा करत होता. ‘केली’मध्ये ल आहे, तिथं ‘ने’ची तपासणी करायची.

आणखी दोन जागा. वस्तूलाच ‘ला’ किंवा ‘ना’ लागला तर क्रियापद कुणाकडंच बघत नाही: वहिनीनं पोराला बोलावलं, पोरींना बोलावलं, दोन्हीकडं ‘बोलावलं’च. हे ‘बोलावलं’, ‘केलं’ पेपरात ‘बोलावले’, ‘केले’ असं लिहायचं, आणि ते ‘दोन रस्से केले’सारखंच दिसतं म्हणून गोंधळू नका.

दुसरी जागा विसरणे, शिकणे, बोलणे अशा क्रियापदांची. वस्तू समोर असूनही ‘तो कविता विसरला’ असंच येतं, म्हणून मुलगा ‘मी कविता विसरलो’ लिहिणार आणि मुलगी ‘विसरले’. ‘तो’ घालून बघितलं की हेपण लगेच सापडतं. गेल्या आठवड्यात सहावीतल्या एकानं ‘मी कविता विसरली’ असं लिहिलं होतं, त्याला एवढंच विचारलं, ‘तो’ घाल बघू, आणि त्यानं स्वतःच खोडून ‘विसरलो’ केलं.