शंभर हवे होते, सेहेचाळीस भरले: सबमिशनपूर्वीची तयारी

एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी शहरातील एका मंडईतील भाजीविक्रेते मोबाइलवरून पैसे घेतात का, हा विषय घेतला आहे, विभागाच्या नियमानुसार किमान 100 प्रश्नावल्या हव्या आहेत आणि सबमिशनला दहा दिवस उरले असताना हातात 46 आहेत, असे समजू. अशा वेळी कोणीतरी आपलेपणाने सुचवतेच, की उरलेल्या 54 एका रात्रीत बसून भरून टाकू, कोण बघायला येते आहे. या सूचनेला द्यायचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे, कारण ते ऐन वेळी सुचत नाही. ‘फॉर्म मी भरणार नाही, 46 वरच अहवाल लिहीन आणि तशी परवानगी सरांकडे मागेन,’ एवढे पुरेसे आहे. सूचना करणारा वर्गमित्र असेल तर विषय तिथेच संपतो. खुद्द मार्गदर्शकांकडूनच तसा आडून इशारा आला, तर वाद न घालता ‘मॅडम, 46 चे विश्लेषण करून आणते, ते एकदा पाहाल का?’ असे म्हणावे आणि खरोखरच करून न्यावे. तयार तक्ता समोर असला की बोलणे 54 फॉर्मांवरून त्या तक्त्याकडे वळते.

नकार का द्यायचा, हे स्वतःला आकड्यांत पटलेले असावे. म्हणून पुढचे गणित एकदा हाताने करून पाहावे. 46 पैकी 29 विक्रेते मोबाइलवरून पैसे घेतात. चाळिशीच्या आतल्या 22 जणांपैकी 17 घेतात आणि चाळीस किंवा त्याहून अधिक वयाच्या 24 पैकी 12 घेतात. वय आणि मोबाइलचा वापर यांचा संबंध काय-वर्ग कसोटीने तपासला, तर मूल्य सुमारे 3.66 येते. पाच टक्के सार्थकता पातळीसाठी ते 3.84 च्या वर जायला हवे, म्हणजे संबंध आहे असे या नमुन्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. आता काहीही नवे न रचता हेच 46 फॉर्म पुन्हा एकदा उतरवून 92 केले, तर टक्केवारी तसूभरही बदलत नाही, पण काय-वर्गाचे मूल्य दुप्पट होऊन 7.33 होते आणि एक टक्क्याची 6.63 ची मर्यादाही ओलांडते. मंडईत एकही नवा माणूस बोललेला नसताना ‘संबंध सिद्ध होत नाही’ याचे ‘संबंध अत्यंत सार्थ आहे’ झाले. नमुना वाढवणे म्हणजे नुसती औपचारिकता पुरी करणे, असे वाटणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. प्रत्यक्षात रचणारा माणूस नक्कल करत नाही, तो आपल्या गृहीतकाला साजेशी उत्तरे लिहितो, त्यामुळे फुगवटा याहूनही मोठा असतो.

रचलेले फॉर्म ओळखू येतात, हेही जाणून असावे. आपल्याकडे वय विचारले की पुष्कळ जण 35, 40, 45 असे गोल आकडे सांगतात. खुर्चीत बसून लिहिणारा मात्र ‘खरे वाटावे’ म्हणून 37, 43, 52 असे पसरवून लिहितो. खऱ्या गठ्ठ्यात एखादा प्रश्न सुटलेला असतो, एखाद्याने समासात काहीतरी सांगितलेले असते, कुठे पान ओले झालेले असते. रचलेल्या गठ्ठ्यात सगळे रकाने भरलेले असतात. ऑनलाइन फॉर्म असेल तर प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप उमटते, आणि रात्री दोन वाजता दर तीन मिनिटांनी एक भाजीविक्रेता फॉर्म भरत होता हे व्हायवात समजावून सांगणे कठीण जाते. मोठ्या नियतकालिकांतही हे घडलेले आहे. ‘सायन्स’मध्ये डिसेंबर 2014 मध्ये आलेला, दारोदारच्या संभाषणाने मते बदलतात असे सांगणारा सर्वेक्षणावरचा लेख मे 2015 मध्ये मागे घेतला गेला, आणि त्यामागच्या कारणांत मूळ माहिती सादर न होणे हे एक होते. म्हणून 46 मूळ प्रती क्रमांक घालून, कोणत्या तारखेला आणि कितव्या फेरीत भरल्या ते लिहून, एका फाइलीत लावून ठेवाव्यात.

मार्गदर्शकांकडे जाण्यापूर्वी उरलेल्या दहा दिवसांत खरे फॉर्म किती वाढू शकतात, ते पाहावे. दुपारी एक ते तीन या वेळात गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा जावे. प्रश्नावली चार पानांची असेल आणि मुख्य प्रश्न सहाच असतील, तर मार्गदर्शकांना विचारून तेवढेच तोंडी विचारावेत आणि कोणते फॉर्म अशा रीतीने भरले ते नोंदवावे.

सर्वांत जास्त वेळ ज्यावर घालवावा, ती गोष्ट म्हणजे जे बोलले नाहीत त्यांचा हिशेब, आणि प्रकल्पांत तोच हटकून नसतो. मंडईत 180 गाळे आहेत. त्यांपैकी 46 जणांनी फॉर्म भरला, 71 जणांनी वेळ नाही म्हटले, 25 जणांनी स्पष्ट नकार दिला आणि 38 गाळे दोन्ही फेऱ्यांत बंद होते. हे चार आकडे अहवालाच्या पद्धती प्रकरणात, पहिल्याच परिच्छेदात यावेत. त्यानंतर एक साधी गोष्ट करावी: उघड्या असलेल्या 142 गाळ्यांसमोरून चालत जाऊन किती ठिकाणी क्यूआर कोडची पाटी दिसते ते मोजावे, त्यासाठी कोणाशी बोलावे लागत नाही. समजा पाटी एकूण 71 ठिकाणी दिसली आणि त्यांपैकी 29 पाट्या फॉर्म भरणाऱ्यांच्याच गाळ्यांवर निघाल्या. म्हणजे फॉर्म भरणाऱ्यांत 63 टक्के आणि न भरणाऱ्या 96 जणांत 44 टक्क्यांच्या आसपास. आपल्याशी बोलायला तयार झालेले विक्रेते मुळातच मोबाइलकडे अधिक झुकलेले होते, हे आता पुराव्यासह सांगता येते. (पाटी असते म्हणजे तो ती वापरतोच असे नाही, दोन भावांत एकच कोड असतो, ही मर्यादाही लिहावी.) शंभर फॉर्म झाले असते, तरी ही मोजणी केल्याशिवाय हा कल कळला नसता.

लिहिताना नुसते ‘63 टक्के’ कुठेही लिहू नये. ‘46 पैकी 29 (63 टक्के)’ असे लिहावे. विश्वासांतर द्यायचे झाल्यास नेहमीच्या सूत्राने ते 49 ते 77 टक्के येते, पण ते सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे आणि आपला नमुना ज्यांनी वेळ दिला त्यांचा आहे, हे त्याच वाक्यात सांगावे. पोटगटांची फार चिरफाड करू नये: 46 मधून फळविक्रेत्या स्त्रिया वेगळ्या काढल्या आणि त्या पाच निघाल्या, तर त्यांची टक्केवारी न काढता त्या काय म्हणाल्या ते लिहावे. शीर्षकातले ‘शहरातील भाजीविक्रेते’ बदलून ‘एका मंडईतील 46 विक्रेते’ करावे, आणि विद्यापीठाकडे शीर्षक नोंदवलेले असल्यास बदलाऐवजी उपशीर्षक चालते का, ते कार्यालयात विचारावे. काय-वर्गाचे 3.66 जसे आले तसेच द्यावे. शून्य परिकल्पना नाकारता आली नाही म्हणजे संबंध नाही असे ठरले, असा अर्थ मात्र काढू नये, कारण एवढ्या नमुन्यात खरा संबंधही निसटू शकतो.

शेवटी मार्गदर्शकांच्या नावे एक पानी अर्ज तयार ठेवावा. त्यात ठरलेला आकडा, मिळालेला आकडा, दोन फेऱ्यांच्या तारखा, वरचे चार आकडे आणि पाट्यांची मोजणी एवढेच असावे, आणि 46 प्रतिसादांवर अहवाल सादर करण्याची अथवा मुदतवाढीची परवानगी मागितलेली असावी. उत्तर तोंडी आले तर त्याच दिवशी ईमेलने ‘आज ठरल्याप्रमाणे’ असे लिहून पाठवावे आणि त्याची प्रत अहवालाच्या परिशिष्टात, कोऱ्या प्रश्नावलीच्या लगेच मागे लावावी.