डिफॉल्टर लिस्ट काढताना माझी टक्केवारी कुठं चुकली

बीडकडच्या एका ज्युनियर कॉलेजात नवीन लागलो तेव्हा सरांनी पहिलंच काम दिलं, कॅटलॉगवरून ७५ टक्क्यांच्या खालची पोरं काढ, त्यांना परीक्षेला बसता येणार नाही म्हणून नोटीस लावायचीय. मला वाटलं तासाभराचं काम, लागले दोन दिवस.

मी काय केलं, दर महिन्याचे टक्के तयारच होते, त्यांची सरासरी काढून मोकळा झालो. एका पोराचे ऑगस्टला २४ पैकी १२ तास म्हणजे ५० टक्के, सप्टेंबरला २० पैकी १५ म्हणजे ७५, आणि ऑक्टोबरला तोवर झालेले ८ पैकी ८, म्हणजे १००. सरासरी बरोब्बर ७५, पोरगं पास! पण खरं तर ते ५२ पैकी ३५ तासांनाच होतं, म्हणजे ६७.३ टक्के. ऑक्टोबरच्या आठ तासांना मी ऑगस्टच्या चोवीस तासांएवढंच वजन दिलं होतं. तर महिन्याचे टक्के मिळवायचे नाहीत, हजेऱ्या मिळवायच्या, भागाकार एकदाच शेवटी.

मग सगळे महिने एका ओळीत आणून हा फॉर्म्युला लावला:

```
=COUNTIF(D5:BC5,"P")/(COUNTIF(D5:BC5,"P")+COUNTIF(D5:BC5,"A"))
```

सप्टेंबरचे तास आधी २१ दिसत होते बरं का. १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदन झालं, तास झालाच नाही, पण कुणीतरी अख्ख्या रकान्यात A ओढून ठेवलेला. म्हणून प्रत्येक तारखेखाली P किती ते मोजा, शून्य आलं की समजा तो तास झालेलाच नाही.

उशिरा ॲडमिशन झालेल्यांचे आधीचे खाने रिकामे सोडा, वरचा फॉर्म्युला ते धरत नाही (तसं चालतं का हे प्राचार्यांकडून लेखी घ्या, नंतर पालक तुम्हालाच विचारतात). फक्त भानगड अशी की भरायचा राहून गेलेला खाना पण रिकामाच दिसतो आणि "P"च्या मागं स्पेस पडली तर तो पण मोजला जात नाही, म्हणून शेजारी P आणि A ची बेरीज काढायची, ज्याची ५२ येत नाही त्याची ओळ डोळ्यानं बघायची.

आणि लिस्ट परीक्षेच्या तोंडावर लावू नका. त्या ३५ वाल्या पोरानं पुढचे १६ तास सलग केले तर ६८ पैकी ५१ होतात, बरोब्बर ७५. आमच्याकडं दिवाळीच्या आसपास बरीच पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, त्याचे पण जायचे होते, पण आकडा आधी कळला म्हणून ते आजीपाशी मागं राहिलं.