व्यवसायाचं नाव रोमनमध्ये लिहिताना या चुका टाळा

नाव आपण मराठीत ठरवतो, पण लोक ते टाईप करतात रोमन अक्षरांत. बहुतेक घोळ इथेच होतो.

समजा, नाव ठरलं ‘वृक्षछाया’. ‘वृ’ कुणी `vru` लिहील, कुणी `vri`. ‘क्ष’साठी `ksh` किंवा `x`. त्यापुढचा ‘अ’ कुणी लिहील, कुणी गाळेल. ‘छ’चं `ch` किंवा `chh`. चार जागी दोन-दोन पर्याय, म्हणजे एकाच नावाची 16 स्पेलिंगं! त्यातलं एकच तुमचं. उरलेल्या 15 जणांना साइट सापडणार नाही, फार तर दुसऱ्याचीच उघडेल. ईमेलचं तर याहून वाईट: चुकलेला पत्ता दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल, तर गिऱ्हाइकाचं पत्र त्याच्याकडे जातं आणि तुम्हाला कळतही नाही.

म्हणून ज्ञ, क्ष, ऋ, छ, फ, व आणि दीर्घ ई-ऊ यांच्यापासून जपून. ‘ज्ञ’ तर `dny`, `gy`, `jn` अशा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. उलट ‘परिमल’ बघा: `parimal`. कुणी परिमळ म्हटलं तरी बोटं तीच अक्षरं दाबतात. मला अशी नावं फार आवडतात.

वाचतानाची चूक वेगळी. `mala` हे माला, मळा की मला? असं नाव टाईप नीट होतं, पण तोंडी पुढे जाताना बदलतं.

दुसरी चूक जोडशब्दांची. ‘परिमल लेखन’ जोडलं की `parimallekhan`. मधला एक `l` हमखास गळतो. दुसरा शब्द वेगळ्या अक्षराने सुरू होणारा घ्या.

हवं ते हँडल गेलेलं असलं की लोक `parimal_1` घेतात. हे फोनवर सांगून बघा: ‘परिमल, मग अंडरस्कोअर, मग एक, आकड्यात’. शिवाय वेबपत्त्यात अंडरस्कोअर चालत नाही, इन्स्टाग्रामवर हायफन चालत नाही, आणि एक्सवर टिंबही नाही, हायफनही नाही. एक्सची मर्यादा 15 अक्षरांची आहे. त्यामुळे नुसती अक्षरं, 15 च्या आत, हाच सगळीकडे बसणारा साचा. व्यवसाय सुचवणारा शब्द जोडायचाच असेल तर तो सगळीकडे एकच असू द्या.

बोर्ड रंगवण्याआधी पाच जणांना फोन करा. नाव एकदाच उच्चारा, स्पेलिंग सांगू नका, आणि टाईप करून पाठवायला सांगा. मग दुसऱ्या पाच जणांना लिहिलेलं नाव पाठवून मोठ्याने वाचायला सांगा. दोन्हीकडे पाचपैकी निदान चार जण जुळले तर ठीक, नाहीतर मी ते नाव सोडून देईन, कितीही जीव जडला असला तरी.

नाव आधीच घेऊन झालंय? मग सगळं बदलू नका. फोन-चाचणीत सर्वांत जास्त आलेलं चुकीचं स्पेलिंग मोकळं असेल तर तोही वेबपत्ता घ्या आणि मूळ पत्त्याकडे 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे तो टाईप केला तरी तुमचीच साइट उघडेल. इन्स्टाग्रामवर हँडलखेरीज ‘नाव’ ही वेगळी जागा असते आणि शोधताना तीही पाहिली जाते. तिथे देवनागरीत नाव लिहा. हँडल बदललंत तर मात्र जुन्या लिंका तुटतात, तेव्हा आधी त्या कुठे कुठे छापल्या आहेत ते मोजा.