न उघडलेली पाकिटं साठलीयेत? आधी फक्त उघडा

माझ्याकडे फ्रीजवर सात महिन्यांची बिलांची पाकिटं पडून होती, बघितलं की पोटात गोळा यायचा म्हणून वर पेपर टाकून ठेवायचे. शेवटी ताईला शेजारी बसवलं आणि ठरवलं की आज एक रुपया भरायचा नाही, फॉर्म भरायचा नाही, नुसतं उघडायचं. पंधरा मिनिटांचा अलार्म लावला. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने दोनच गोष्टी लिहिल्या, शेवटची तारीख आणि पुढचं एकच काम, म्हणजे "लाइट बिल भरणे" नाही तर "ग्राहक क्रमांक मोबाईलमध्ये सेव्ह करणे" इतकं छोटं. अर्धी पाकिटं तर जुनी बिलं निघाली, पुढच्या बिलात थकबाकी धरलेलीच असते, त्यामुळे सगळ्यात नवीन तेवढं ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी फक्त तो कागद घ्या ज्याला उशीर केला की पैसे वाढतात. पुण्यात तो बहुतेक मिळकतकर असतो, थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे 9,000 थकले तर महिन्याला 180 रुपये. बाकीचे कागद त्याच्या पुढच्या दिवशी, परत पंधराच मिनिटं, अलार्म वाजला की खरंच उठायचं हं.