कॉल आला की पैसे भरावेच लागतात, वॉरंटचे तसे नाही

राइट्स इश्यूमध्ये, म्हणजे कंपनी आपल्या भागधारकांना नवे शेअर देऊ करते तेव्हा, अंशतः भरलेले शेअर घेणाऱ्याने ते वॉरंटसारखेच आहेत असे समजू नये. वॉरंट हा पुढे शेअर घेण्याचा केवळ हक्क असतो. तो मुदतीत वापरला नाही, तर आधी भरलेली रक्कम बुडते, पण कंपनी उरलेले पैसे मागू शकत नाही. अंशतः भरलेल्या शेअरचा धारक मात्र पहिल्या दिवसापासून भागधारक असतो आणि उरलेली रक्कम हे त्याचे देणे असते.

समजा, कोथरूडच्या एका गृहस्थांनी २०० रुपयांचे १०० शेअर अर्जासोबत प्रत्येकी ५० रुपये भरून घेतले. पुढे संचालक मंडळ ठराव करून उरलेल्या १५० रुपयांचा कॉल, म्हणजे ते भरण्याची मागणी, काढते आणि रेकॉर्ड डेट जाहीर करते. त्या दिवशी ज्याच्या डीमॅट खात्यात शेअर असतील, त्याच्याकडेच ही मागणी जाते. नोटीस डीमॅटमध्ये नोंदवलेल्या ईमेलवर किंवा पत्त्यावर येते आणि गृहस्थांचा तिथला पत्ता अजून सदाशिव पेठेतला आहे! हे १५,००० रुपये बँकेतून आपोआप वळते होत नाहीत, ते मुदतीत स्वतःच भरावे लागतात. उशीर झाल्यास व्याज लागते. त्यानंतरच्या इशाऱ्याच्या नोटिशीकडेही दुर्लक्ष झाले, तर शेअर जप्त होऊन भरलेले ५,००० जातात आणि कंपनीच्या नियमावलीत तशी तरतूद असल्यास थकलेल्या कॉलची वसुलीही मागे लागते. एवढी रक्कम उभी करणे जमणार नसेल, तर रेकॉर्ड डेटपूर्वी या शेअरचे व्यवहार थांबवले जातात हे ध्यानात घेऊन त्याआधीच विक्री उरकावी.